नफ्याच्या हिश्श्याचे तिमाही विवरणपत्र आणि त्यातील वजावटींची कैफियत

ज्या पेढीत एक भागीदार गादीवर बसून नित्याचा व्यवहार पाहतो आणि दुसरा भांडवल घालून परगावी राहतो, तेथे दर तीन महिन्यांनी परगावी जाणारे हिशेबाचे विवरणपत्र हाच दुसऱ्याच्या दृष्टीने त्या पेढीचा सारा चेहरा असतो. त्याने माल पाहिलेला नसतो, गिऱ्हाईक पाहिलेले नसते, रोजकीर्द उघडून पाहण्याचा अधिकार त्याला कायद्याने असला तरी तो बजावण्यासाठी प्रवास करून येणे त्याला सहसा जमत नाही. आणि म्हणून बँकेत जमा झालेली रक्कम त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी का आली, याचे उत्तर त्या कागदातच त्याला मिळाले पाहिजे. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या नवव्या कलमाने भागीदारांवर परस्परांना खरा हिशेब व संपूर्ण माहिती देण्याचे बंधन घातलेले आहे, आणि बाराव्या कलमाने प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा हक्क दिलेला आहे. विवरणपत्र पाठविणाऱ्याने ही दोन कलमे ध्यानी ठेवून लिहावे. आपण मेहेरबानी म्हणून माहिती देत आहोत असा सूर त्यात उमटता कामा नये.

या लेखात मी वजावटींपुरतेच बोलणार आहे, कारण कलह बहुधा तेथेच उद्भवतो. वजावटीची रक्कम चुकली म्हणून होणाऱ्या तक्रारींपेक्षा, वजावट चुकीच्या जागी केली म्हणून होणारे अन्याय अधिक असतात, आणि ते अधिक काळ लपूनही राहतात. पेढीच्या हिशेबात कोणत्याही वजावटीला तीनच जागा संभवतात. पहिली जागा नफा निघण्यापूर्वीची, म्हणजे जो खर्च पेढीचा आहे तो. दुसरी जागा नफा निघाल्यानंतर पण हिस्से पडण्यापूर्वीची, म्हणजे पेढीवरील आयकर आणि गंगाजळी. आणि तिसरी जागा हिस्सा पडल्यानंतरची, म्हणजे जे केवळ त्या एका भागीदाराच्या खात्यावर नावे पडावयाचे ते. पहिल्या दोन जागांवरील रकमेचा भार सर्व भागीदार आपापल्या प्रमाणात उचलतात, तिसऱ्या जागेवरील भार एकटा एकच उचलतो. रक्कम एका जागेवरून दुसरीकडे सरकली की एकाचा पैसा निमूटपणे दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि बेरीज-वजाबाकी मात्र अगदी बिनचूक दिसते.

उदाहरणासाठी सांगलीच्या हळदीच्या व्यापारातील एक दोन भागीदारांची पेढी कल्पावी. कार्यकारी भागीदाराचे भांडवल दहा लाख, परगावच्या भागीदाराचे वीस लाख; नफ्यातोट्याचे प्रमाण अनुक्रमे साठ व चाळीस; दोघांच्याही भांडवलावर द. सा. द. शे. १२ व्याज, कार्यकारी भागीदारास दरमहा ५०,००० रुपये मेहनताना, करानंतरच्या नफ्यातून दहा टक्के गंगाजळीत, आणि उधारीची वसुली होईपर्यंत प्रत्येकाच्या हिश्श्यातील वीस टक्के रोखून ठेवण्याची मुभा, इतक्या गोष्टी भागीदारनाम्यात लिहिलेल्या आहेत असे धरू. या गोष्टी लिहिलेल्या असणे अगत्याचे आहे. करार मुका असेल तर अधिनियमाचे तेरावे कलम बोलू लागते, आणि त्या कलमाप्रमाणे काम करणाऱ्या भागीदारास मेहनताना मिळत नाही, आणि नफा सर्वांस समसमान वाटावा लागतो. भांडवलावर व्याज देण्याचे ठरले असले, तरी तेही नफा असेल तरच द्यावयाचे असते. म्हणून विवरणपत्रातील प्रत्येक वजावटीपुढे भागीदारनाम्याचे कलम लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. जिच्यापुढे कलम लिहिता येत नाही, ती वजावट करण्यापूर्वी पत्र लिहून संमती घ्यावी.

आता २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे विवरण पाहू. अडत, हमाली, तोलाई, गोदामाचे भाडे, वीज, नोकरांचे पगार, बँकेचे व्याज आणि यंत्रांवरील घसारा हे सर्व वजा जाऊन, भागीदारांचे व्याज व मेहनताना धरण्यापूर्वी ६,४०,००० रुपये नफा उरला. वस्तू व सेवा कराची रक्कम यात कोठेही येता कामा नये. गिऱ्हाइकाकडून घेतलेला तो कर पेढीची जमा नाही, म्हणून सरकारात भरलेली ती रक्कम पेढीचा खर्चही होत नाही; विक्रीचे आकडे कर वगळूनच दाखवावेत, म्हणजे वजावटीत तो पुन्हा दाखविण्याचा मोह होत नाही.

या पहिल्या जागेवर परगावच्या भागीदाराने सर्वांत बारकाईने पाहावी अशी एक रक्कम आहे, आणि ती खर्चाच्या यादीत दिसतही नाही: ती म्हणजे तिमाहीअखेरच्या शिल्लक मालाची किंमत. हळदीचा माल हंगामात घेऊन ठेवलेला असतो आणि सप्टेंबरअखेर गोदामात बराच उरलेला असतो. समजा तीनशे क्विंटल हळकुंडे शिल्लक आहेत आणि हिशेबनिसाने त्यांचा भाव क्विंटलमागे ५०० रुपयांनी कमी धरला, तर नफा एकदम दीड लाखाने खाली येतो, आणि एकही पैसा खर्च झालेला नसताना परगावच्या भागीदाराचा हिस्सा तितक्या प्रमाणात घटतो. यास्तव विवरणपत्रासोबत शिल्लक मालाचा तपशील द्यावा: प्रत, पोती, वजन, खरेदीचा सरासरी भाव आणि त्या दिवशीचा बाजारभाव. या दोहोंपैकी जो कमी तो धरण्याचा प्रघात योग्य आहे, पण एका तिमाहीस खरेदीभाव आणि दुसरीस बाजारभाव असे सोयीप्रमाणे बदलणे हा प्रघात नव्हे. साठवणीत वाळून वजनात येणारी तूटही स्वतंत्र ओळीत क्विंटलांत दाखवावी. मागील तिमाहीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा विक्री आणि आजची शिल्लक यांचा मेळ घातला की तूट किती ते उघड होते, आणि दरवेळी ती वाढत गेलेली दिसली तर गोदामात जाऊन तपास करावा.

याच जागेवर दुसरी एक तक्रार वारंवार उद्भवते. कार्यकारी भागीदाराच्या घरच्या मोटारीचे इंधन, त्याचा विम्याचा हप्ता किंवा कुटुंबाच्या प्रवासाचे भाडे पेढीच्या खर्चात मिसळलेले असते, आणि पुष्कळदा त्यात लबाडीपेक्षा आळसच अधिक असतो, कारण पैसे एकाच गल्ल्यातून दिलेले असतात. असा खर्च त्याच्या स्वतःच्या उचलीत टाकावा. किरकोळ खर्च या मथळ्याखाली मोठी रक्कम दिसली, तर परगावच्या भागीदाराने त्याचा तपशील निःसंकोच मागावा, आणि पाठविणाऱ्याने तो मागण्यापूर्वीच जोडावा हे अधिक बरे.

६,४०,००० मधून दोघांचे तिमाही व्याज ९०,००० रुपये आणि तीन महिन्यांचा मेहनताना १,५०,००० रुपये वजा जाता ४,००,००० उरतात. हाच पेढीचा करपात्र नफा असे सोयीसाठी धरले, तर ३० टक्के आयकर आणि त्या करावरील ४ टक्के उपकर मिळून ३१.२ टक्के दराने १,२४,८०० रुपये कराची तरतूद होते. वर्षाचे उत्पन्न एक कोटीच्या वर जात असेल तर अधिभारही लागतो. आपल्या पेढीचे तसे नाही. ही वजावट परगावच्या भागीदारास सर्वांत अधिक खटकते, कारण आपण आपला कर आपापल्या विवरणात भरतोच, मग पेढीने पुन्हा का कापावा, असे त्याला वाटते. त्याला दोन वाक्यांत सांगावे की पेढी ही करासाठी स्वतंत्र व्यक्ती आहे. पेढीने कर भरल्यावर उरलेल्या नफ्याचा हिस्सा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो आणि त्याच्या वैयक्तिक विवरणात तो करमुक्त उत्पन्न म्हणूनच दाखवावयाचा असतो. व्याजाचे मात्र उलट आहे: पेढीस त्याची वजावट मिळते, म्हणून त्यावरील कर भागीदाराने भरावयाचा. द. सा. द. शे. १२ च्या वर दिलेल्या व्याजाची वजावट पेढीस मिळत नाही, हेही भागीदारनामा लिहिताना विसरू नये.

या कराच्या ओळीत एक गफलत इतकी सहज होते की तिच्यावर थोडे थांबणे भाग आहे. पेढी आगाऊ कर चार हप्त्यांत भरते: १५ जूनपर्यंत वर्षाच्या अंदाजित कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण. आपल्या पेढीचा वर्षाचा अंदाजित कर, चारही तिमाही सारख्या धरल्या तर, ४,९९,२०० रुपये होतो. त्याच्या ३० टक्के, म्हणजे १,४९,७६० रुपये सप्टेंबरच्या हप्त्यात भरले गेले. हिशेबनिसाने बँकेचे पासबुक पाहून ही भरलेली रक्कमच वजा घातली, तर तिमाहीच्या नफ्यावरील करापेक्षा २४,९६० रुपये अधिक कापले जातात. तरतूद आणि भरणा दोन्ही वजा घातले, तर तीच रक्कम दुहेरी कापली जाते. वजावट तरतुदीचीच करावी, आणि भरण्याचा हिशेब खाली निराळा द्यावा: दोन तिमाहींची मिळून तरतूद २,४९,६००, प्रत्यक्ष भरणा २,२४,६४०, आणि पुढील हप्त्यासाठी पेढीच्या हाती शिल्लक २४,९६०. ही शिल्लक कोणाच्याही हिश्श्यात वाटावयाची नाही, आणि ती पेढीचा फायदाही नाही.

कर वजा जाता २,७५,२०० उरले. त्यांतून गंगाजळीचे दहा टक्के, २७,५२० रुपये, बाजूस काढले की वाटपास २,४७,६८० राहतात, आणि त्यांच्या चाळीस टक्क्यांचा, म्हणजे ९९,०७२ रुपयांचा हिस्सा परगावच्या भागीदाराचा. गंगाजळी खर्च झालेली नाही. तिच्यात या भागीदाराचे चाळीस टक्के कायम आहेत, म्हणून विवरणाच्या तळाशी गंगाजळीची आरंभीची शिल्लक, या तिमाहीची भर, त्यांतून काही खर्च झाला असल्यास तो कशावर, आणि त्याचा आजचा वाटा असे चार आकडे द्यावेत. हे दिले नाही तर चार-पाच वर्षांनी भागीदारी मोडताना मोठा वाद उपस्थित होतो, कारण तोवर एकाला ती रक्कम पेढीची आणि दुसऱ्याला ती आपली वाटू लागलेली असते.

आता तिसरी जागा. परगावच्या भागीदारास मिळावयाचे ते व्याज ६०,००० आणि नफ्याचा हिस्सा ९९,०७२, असे मिळून १,५९,०७२ रुपये. यांतील व्याजावर १ एप्रिल २०२५ पासून उगमस्थानी करकपात करावी लागते. १९६१ च्या आयकर अधिनियमात घातलेल्या १९४ टी या कलमाप्रमाणे पेढीने भागीदारास दिलेला मेहनताना, व्याज, बोनस किंवा कमिशन वर्षभरात २०,००० रुपयांच्या वर गेले की त्या रकमेवर दहा टक्के कापावेत. नफ्याच्या हिश्श्यावर ही कपात नाही; दोन्ही रकमा एकत्र करून दहा टक्के कापणे ही या नव्या कलमानंतर दिसू लागलेली चूक आहे. आपल्या उदाहरणात कपात ६०,००० वर ६,००० एवढीच. रक्कम प्रत्यक्ष दिली नाही आणि केवळ भांडवल खात्यात जमा केली, तरीही कपात करावी लागते, म्हणून ३० सप्टेंबरला व्याज जमा लिहिले की ७ ऑक्टोबरपर्यंत तो कर सरकारात भरला पाहिजे. विवरणपत्रात त्या भरण्याचा चलान क्रमांक लिहावा आणि कपातीचे प्रमाणपत्र केव्हा मिळेल ते सांगावे, कारण हे ६,००० रुपये गेलेले नाहीत. भागीदार आपल्या करात ते वळते करून घेणार आहे. ही कपात कधी कधी पेढीच्या कराच्या खर्चात ढकललेली आढळते, आणि तसे झाले की परगावच्या भागीदाराच्या वैयक्तिक कराचा साठ टक्के भार दुसऱ्यावर पडतो. २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलत असल्याने, पुढील विवरणपत्रांत जुना क्रमांक तसाच उतरवू नये.

त्यानंतर उचल. ऑगस्टमध्ये या भागीदाराने आपल्या निकडीसाठी २५,००० रुपये मागवून घेतले होते. ही रक्कम कोणत्याही कारणाने पेढीच्या खर्चात शिरली, तर कराची बाब क्षणभर बाजूस ठेवली तरी, त्याच्यावर १०,००० चाच भार पडेल आणि उरलेले १५,००० कार्यकारी भागीदाराच्या हिश्श्यातून जातील. उचलीपुढे केवळ आकडा लिहून भागत नाही. मला पसंत असलेली शब्दयोजना अशी: ‘उचल रुपये २५,०००, आपल्या दि. १६ ऑगस्टच्या पत्रावरून दि. १८ ऑगस्ट रोजी आपल्या बचत खात्यात पाठविली. भागीदारनाम्याचे कलम ९ पाहता हीवर व्याज आकारलेले नाही. या कपातीनंतर उचल खाते निरंक.’ यात रक्कम का कापली, ती कशावरून ठरली आणि आज तिची अवस्था काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि कोणतीही वजावट समजावून सांगताना याहून अधिक काही सांगावे लागत नाही.

शेवटची वजावट रोखून ठेवलेल्या रकमेची. नफा हिशेबाने झाला तरी तो सारा रोख नसतो. माल उधार गेलेला असतो, आणि व्यापाऱ्यांकडून येणे वसूल होण्यास दोन-तीन महिने लागतात. यासाठी भागीदारनाम्यातील मुभेप्रमाणे हिश्श्याचे वीस टक्के, पूर्ण रुपयांत १९,८१४, या खेपेस रोखले गेले. मात्र मागील तिमाहीत रोखलेल्या १२,००० रुपयांची उधारी आता वसूल झालेली असल्याने तेवढे परत द्यावयाचे आहेत. रोखण्याचे लिहिणे सर्वांना सुचते, सोडण्याचे लिहिणे राहून जाते. त्यामुळे या ओळीत आरंभीची बाकी, सोडलेली रक्कम, नवी रक्कम आणि अखेरची बाकी हे चारही आकडे यावेत आणि सोबत ज्या येण्यापोटी रक्कम अडली त्याची यादी, दिवसांच्या वयोमानाने, जोडावी. नव्वद दिवसांवरील येणे दरवेळी तेच असेल तर ती रक्कम रोखून ठेवण्याचा प्रश्न संपून ती बुडीत धरावी की काय हा निर्णय घेण्याची वेळ आलेली असते. आणि तो निर्णय दोघांनी मिळून घ्यावयाचा आहे, कारण बुडीत रक्कम पहिल्या जागेवर, म्हणजे पेढीच्या खर्चात जाते.

तर १,५९,०७२ मधून कर ६,००० आणि उचल २५,००० वजा जाता १,२८,०७२. त्यांत सोडलेले १२,००० मिळविता १,४०,०७२. आणि नव्याने रोखलेले १९,८१४ वजा करता प्रत्यक्ष पाठवावयाची रक्कम १,२०,२५८ रुपये. हिशेब याच क्रमाने मांडावा, कारण वाचणाऱ्यास वरून खाली येताना एकही पायरी गाळावी लागत नाही. कार्यकारी भागीदाराचे स्वतःचे विवरणही त्याच नमुन्यात करून त्याची प्रत सोबत धाडावी. मेहनतान्यावर त्याची १५,००० रुपयांची कपात झालेली दिसली आणि त्याच्याही हिश्श्यातील वीस टक्के तितक्याच नियमाने रोखलेले दिसले, की परगावच्या भागीदाराच्या अर्ध्या शंका विचारण्यापूर्वीच मिटतात.

एक वजावट मी हेतुतः बाजूस ठेवली, ती म्हणजे दंड व विलंबशुल्काची. विवरणे उशिरा भरल्यामुळे पेढीस बसलेला भुर्दंड कोणी सोसावा? तेरावे कलम असे सांगते की भागीदाराच्या जाणूनबुजून केलेल्या हयगयीमुळे पेढीस नुकसान झाले तर ते त्याने भरून द्यावे. परंतु हयगय जाणूनबुजून होती की केवळ अडचण होती, हे एका भागीदाराने परस्पर ठरवू नये. अशी रक्कम खर्चातही टाकू नये आणि कोणाच्या नावेही टाकू नये; ती ‘निर्णयाधीन’ या स्वतंत्र ओळीत, कारणासह, दोघांच्याही विवरणात सारखीच दाखवावी.

विवरणपत्र पैसे पाठविण्यापूर्वी किमान दहा दिवस हाती पडावे, आणि ‘सप्रेम नमस्कार वि. वि.’ नंतरच्या पहिल्याच परिच्छेदात हरकतीची मुदत व पैसे पाठविण्याची तारीख स्पष्ट लिहावी. हरकत आली तर सारी रक्कम अडवू नये. समजा परगावच्या भागीदाराने शिल्लक मालाच्या भावावर हरकत घेतली, तर हिशेबात निघालेले १,२०,२५८ ठरल्या तारखेस पाठवून द्यावेत, आणि पत्रात नमूद करावे की ही रक्कम स्वीकारल्याने त्यांच्या हरकतीस बाध येत नाही. मालाचा भाव पुढे वाढवून धरण्याचे ठरले, तर फरक पुढील तिमाहीच्या विवरणात ‘मागील तिमाहीचे समायोजन’ या ओळीने दाखवावा. जुने विवरण खोडून नवे पाठवू नये. मार्चअखेर वह्या बंद होऊन प्रत्यक्ष कर ठरला, की चार तिमाहींची तरतूद आणि खरा कर यांतील फरकही याच रीतीने वळता करावा, आणि त्या शेवटच्या विवरणासोबत भागीदाराच्या भांडवल खात्याची खतावणीतील संपूर्ण नक्कल धाडावी, म्हणजे चारही विवरणपत्रांतील बाक्या तिच्याशी ओळीने ताडून पाहता येतात.